हार्डली दिसलं की उलटं टिक करा? थांबा जरा

"सेंटेन्स कम्प्लिशनमध्ये हार्डली, नेव्हर, नॉट ओन्ली दिसलं की डोळे झाकून हेल्पिंग व्हर्ब कर्त्याच्या आधी असलेला ऑप्शन टिक करा."

हे अर्धंच खरं आहे, आणि मागच्या आठवड्यात मीच ग्रुपवर टाकलं होतं, सॉरी. क्रम उलटतो तो शब्द वाक्याच्या सुरुवातीला असेल तरच. म्हणजे 'हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट' बरोबर, पण तोच हार्डली मध्ये गेला की साधं 'आय हॅड हार्डली रीच्ड', तिथे 'हॅड आय' टिक केलं की मार्क गेला.

नॉट ओन्ली तर सुरुवातीला असूनही फसवतो. त्याच्यामागे अख्खं वाक्य असेल तर उलटतं, 'नॉट ओन्ली डिड ही लूज द मॅच' (डिड आला म्हणून लूज, लॉस्ट नाही), पण तो नुसत्या कर्त्याला चिकटला असेल, जसं 'नॉट ओन्ली रवी बट ऑल्सो हिज ब्रदर्स वेअर लेट', तर काहीच उलटत नाही. आणि बट ऑल्सोनंतरचा भाग सरळच राहतो, हे मी स्वतः व्याकरणाच्या पुस्तकात बघून मगच लिहितोय.

तो जुना मेसेज कुणाला पाठवला असेल तर डिलीट करा, पुढे ढकलू नका प्लीज.