रायबोसोम म्हणजे पॉलिमरेज नव्हे, आणि प्रायमर तिन्हींत लागत नाही

"रेप्लिकेशन, ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन, तिन्हींच्या स्टेप्स सेम. हेलिकेज उघडतो, प्रायमर लागतो, पॉलिमरेज जोडत जातो. कुठेही चूक झाली की म्युटेशन. एवढंच पाठ करा, पैकीच्या पैकी."

एफवायबीएस्सीला असलेल्या माझ्या भाचीने हा मेसेज मला पाठवला आणि विचारलं, "मावशी, मग तो एंझाइमचा तक्ता सोडून देऊ?" नको, सोडू नकोस. हे पाठ केलंस तर मार्क जातीलच, शिवाय पुढच्या वर्षी सगळं पुसून पुन्हा शिकावं लागेल.

आधी प्रायमर. डीएनए पॉलिमरेजला कोरी सुरुवात करताच येत नाही; नवीन न्यूक्लिओटाइड जोडायला त्याला आधीच्या साखळीचं मोकळं ३′ टोक हवं असतं. म्हणून ई. कोलायमध्ये हेलिकेजने दोर उघडले की प्रायमेज आरएनएचा छोटा तुकडा बनवतं आणि पॉलिमरेज ३ तिथून पुढे डीएनए वाढवतं. नंतर पॉलिमरेज १ तो आरएनए काढून जागा डीएनएने भरतं आणि उरलेली चीर लायगेज सांधतं. आरएनए पॉलिमरेजला यातलं काहीच लागत नाही. सिग्मा घटकाच्या मदतीने ते प्रोमोटर ओळखतं, साधारण डझनभर जोड्यांचा बुडबुडा स्वतःच उघडतं आणि पहिली दोन न्यूक्लिओटाइड्स थेट जोडतं. काढून टाकायला प्रायमरच नाही, त्यामुळे सांधायला लायगेजही नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. डीएनए असो वा आरएनए, नवी साखळी ५′ कडून ३′ कडेच वाढते. आणि आपल्या पेशींत एमआरएनए बनवताना टीएफआयआयएच हे प्रथिनांचं संकुल एटीपी खर्चून डीएनए उघडायला हातभार लावतं. मेसेजमधलं खरं एवढंच.

सर्वांत चुकीचं आहे ते ट्रान्सलेशनबद्दल. तिथे जोडली जातात अमिनो आम्लं, आणि UUU या कोडॉनकडे बघून फिनाइलअलॅनिन ओळखेल असं काहीही रायबोसोममध्ये नाही. ती ओळख आधीच झालेली असते. अमिनोअॅसिल-टीआरएनए सिंथेटेज नावाची एंझाइम्स एटीपी वापरून योग्य अमिनो आम्ल योग्य टीआरएनएला चिकटवतात. तक्त्यातून हेच नाव गाळलं जातं आणि तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. रायबोसोम फक्त कोडॉन आणि अँटिकोडॉन जुळतात का, एवढंच तपासतो.

याचा पुरावा १९६२ सालचा आहे. शापव्हिल, लिपमान आणि सहकाऱ्यांनी सिस्टीनच्या टीआरएनएला सिस्टीन चिकटल्यावर रासायनिक क्रियेने त्यातलं गंधक काढून टाकलं. त्यामुळे टीआरएनए सिस्टीनचाच राहिला, पण त्यावरचं अमिनो आम्ल अॅलॅनिन झालं. रायबोसोमला ही अदलाबदल कळली नाही. जिथे सिस्टीन यायला हवं होतं, तिथे त्याने अॅलॅनिन बसवलं. म्हणजे एकदा सिंथेटेज चुकलं की पुढे ती चूक पकडणारं जवळपास कुणी नसतं. म्हणूनच बरीच सिंथेटेज चुकीचं अमिनो आम्ल स्वतःच तोडून काढतात.

मग पेप्टाइड बंध कोण बांधतं? बऱ्याच नोट्समध्ये पेप्टिडिल ट्रान्सफरेज हे एखाद्या प्रथिनाचं नाव असल्यासारखं येतं. २००० साली स्टाइट्झ आणि मूर यांच्या गटाने रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाची अणुपातळीवरची रचना मांडली. बंध तयार होतो त्या जागेपासून सुमारे १८ अँगस्ट्रॉमच्या आत त्यांना एकही प्रथिन दिसलं नाही. तिथे होता फक्त आरआरएनए. म्हणजे हे काम आरएनएच करतो, तो रायबोझाइम आहे. स्टाइट्झ यांना २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल रामकृष्णन आणि योनाथ यांच्यासोबत मिळालं, ते रायबोसोमची रचना आणि कार्य यांवरच्या कामासाठी. तक्त्यात एंझाइमच्या रकान्यात इथे "२३एस आरआरएनए" असं लिही; आपल्या पेशींसाठी "२८एस".

उरलं म्युटेशन. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जनुकात GAG चं GTG झालेलं असतं, त्यामुळे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल डीएनएत असल्याने त्यावरून बनणाऱ्या प्रत्येक एमआरएनएत तो उतरतो आणि पालकांकडून मुलांकडे जातो. हाच बदल आरएनए पॉलिमरेजकडून एखाद्या एमआरएनएत झाला, तर तेवढ्या एका प्रतीवरून बनलेली प्रथिनं बिघडतील. ती प्रत तुटली की पुढची पुन्हा GAG वरूनच बनेल. आरएनए पॉलिमरेज डीएनए पॉलिमरेजपेक्षा कितीतरी जास्त चुका करतं, तरी पेशी तगते ती यामुळेच. ट्रान्सलेशनमधली चूक तर त्या एका प्रथिनापुरतीच असते.