गुळगुळीत लादी, आईंची टाच आणि धुता येणारी चप्पल : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "गुळगुळीत लादीवर घालायच्या चपलांवरच्या तुमच्या लेखात नुसतं ग्रिप ग्रिप केलंय. आईचं वय ६८, सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही तिला, डॉक्टरांनी आर्च सपोर्टवाली चप्पल सांगितलीय. तुमची पातळ रबरी स्लीपर घालून तिच्या टाचेचं काय होणार? खोल नक्षीचा सोल नको हे तर पटलंच नाही, दुकानदार तोच ग्रिपवाला म्हणून देतात. आणि आमच्याकडे घरातली चप्पल दर आठवड्याला धुवावी लागते, त्यावर एक ओळ नाही."

ताई, आधी सोलबद्दलच बोलते, कारण टाच दुखत असली की माणूस पाय जपून तिरका टाकतो आणि तिथेच सटकतो. खोल नक्षी मातीसाठी, खडीसाठी असते, तिथे ती रुतून बसते. पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड लादीत रुतायला काही नाहीच, तिथे रबर लादीला किती चिकटतं तेवढंच कामाचं, आणि खोल नक्षीत लादीला टेकणारं रबर कमी राहतं, त्यात ते रबर कडक असेल तर बघायलाच नको. सिंकसमोर पाणी सांडलं की सोल आणि लादीच्या मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो बाहेर जायला बारीक खाचा लागतात आणि त्या खाचा सोलच्या कडेपर्यंत उघड्या हव्यात. गोल गोल बंद वाट्यांची नक्षी असते ना, तिच्यात पाणी तसंच कोंडून राहतं.

दादरला रानडे रोडला गेलात तर सोलमध्ये नख दाबून बघा, थोडं आत जायला पाहिजे. मग दुकानातल्याच लादीवर बाटलीतलं थोडं पाणी टाका, चप्पल तिथे ठेवा, टाचेच्या भागावर तळहाताने जोर देऊन पुढे ढकला. सरकली तर परत द्या. टाचेवरच का, तर चालताना टाच टेकते त्या क्षणीच पाय बहुतेक वेळा निसटतो.

आता टाचेचं दुखणं. मऊ म्हणजे सपोर्ट नाही हो. अंगठा दाबल्यावर खालपर्यंत बसणारा फोम पायाखाली पण तसाच बसणार, मग तळव्याची कमान पुन्हा रिकामी. चप्पल दोन्ही हातांत धरून वाकवा, बोटांच्या सांध्याशी वाकली पाहिजे, मधोमध घडी पडली तर नको. मग पिळून बघा, टॉवेलसारखी पिळली गेली तर नको. कमानीला आधार देणारा उंचवटा आतल्या बाजूला, टाचेच्या लगेच पुढे सुरू झालेला पाहिजे, आणि टाच बसायला थोडी वाटी. आईंना घालून पाच मिनिटं उभं राहू द्या, उंचवटा बोटांकडे टोचत असेल तर साइज चुकलाय किंवा तो साचाच त्यांच्या पायाचा नाही. फार उंच तळ पण नको, पाय मुरगळतो. आणि मागे पट्टा असलेली घ्या, पुढचा पट्टा वेल्क्रोचा असला तर अजून चांगलं, कारण उघड्या चपलेत ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळली जातात आणि तळव्याला ताण येतो.

धुण्याचं तुम्ही विचारलंत ते रास्तच आहे आणि खरी ओढाताण इथेच होते. अख्खी ईव्हीएची, म्हणजे हलक्या रबरासारख्या फोमची, एकसंध चप्पल धुवायला सगळ्यात सोपी, पण तिचा उंचवटा दबत जातो आणि सोल झिजून चकाकायला लागतो, ओल्या लादीवर मग ती निसटते. कॉर्क आणि कापडी अस्तरवाल्या आपल्या पावसाळ्यात वाळतच नाहीत, कुबट वास येतो. पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन सुटतो. म्हणून तुमच्या आईंसाठी माझं मत असं की पायाखाली जरा घट्ट ईव्हीए आणि त्याच्या तळाला टाचेला आणि पुढे रबराचे तुकडे बसवलेली चप्पल घ्यावी, चपलेचा आतला तळवा काढता येणारा मिळाला तर उत्तमच, तो वेगळा धुता येतो.

धुताना गरम पाणी आणि कडक ऊन दोन्ही टाळा, ईव्हीए आक्रसतं. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, जुन्या टूथब्रशने खाचा घासायच्या आणि बोटाला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत खळाळून धुवायची, कारण खाचेत साबण राहिला तर लादी ओली झाली की तोच घसरवणार. मग पंख्याखाली कडेवर उभी. पावसाळ्यात दोन जोड लागतातच, आणि बाथरूमची चप्पल वेगळीच. लादी पुसताना फिनाईल बेतानं टाका, त्याचा थर राहिला तर कितीही चांगलं रबर असलं तरी पकड कमी होते, गॅससमोरच्या तेलाचं पण तेच.

टाचेखालच्या खाचा बुजल्या किंवा तिथे रबर चकाकायला लागलं की वरून चप्पल कितीही नवी दिसली तरी बदला. आणि नवीन चपलेतही आईंना सकाळी टाच टेकवत नसेल तर तीच चप्पल घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा, म्हणजे उंचवटा नेमका कुठे हवा ते त्यांना दाखवता येईल.