पडद्यामागचा माणूस डोळे मिटून जास्त टॅक्स निवडतो, हे खरं नाही

«अज्ञानाच्या पडद्यामागे आपण गरीब निघणार की श्रीमंत हे माहीतच नसतं, त्यामुळे कोणीही श्रीमंतांवर जास्तीत जास्त टॅक्स लावून सगळ्यांना समान वाटणं हेच निवडेल. रिस्क कोण घेणार? असाइनमेंटमध्ये एवढं लिहा, रॉल्सचं नाव टाका, काम झालं.»

टॅक्सचं एखादं धोरण अज्ञानाच्या पडद्यातून तपासा, अशा असाइनमेंटसाठी दिला जाणारा हा सल्ला. पडदा म्हणजे तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा विचारप्रयोग: समाजात आपण कोण असणार हे माहीत नाही असं धरून समाजाचे नियम निवडायचे. आधी «समान वाटणं» घेऊ, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. पडद्यामागच्या माणसाला स्वतःची जागा माहीत नसते, पण अर्थव्यवस्था कशी चालते हे त्याला माहीत असतं, म्हणजे टॅक्स खूप वाढवला तर लोक कमी काम करतील, कमी गुंतवतील आणि वाटायला मुळात कमी उरेल हेही त्याला कळतं. आता समजा समाजात सारख्या आकाराचे तीन गट आहेत. टॅक्स नसेल तर त्यांच्या हातात 12, 40 आणि 140 पडतात, मध्यम टॅक्समध्ये 24, 42 आणि 105, खूप जड टॅक्समध्ये 20, 30 आणि 40, आणि पूर्ण समान वाटलं तर तिघांनाही 18. रॉल्सचं डिफरन्स प्रिन्सिपल विचारतं की सगळ्यात खालच्या गटाचं सगळ्यात भलं कशात आहे, आणि उत्तर येतं मध्यम टॅक्स. समान वाटपात खालच्याला 18 मिळतात, म्हणजे 24 पेक्षा कमी, मग तो ते कशाला निवडेल? वरच्याकडे 105 राहतात म्हणून 24 वर पाणी सोडायचं, असं रॉल्सचा पडद्यामागचा माणूस करत नाही, कारण तो दुसऱ्याचा हेवा करत नाही हे रॉल्सने आधीच गृहीत धरलंय.

आता «रिस्क कोण घेणार». इथे खरा वाद आहे आणि बहुतेक असाइनमेंट्स तो उडवूनच लावतात. अर्थतज्ज्ञ हर्सान्यीने 1950च्या दशकातच साधारण हाच प्रयोग मांडला होता, पण त्याचं म्हणणं, प्रत्येक जागी निघण्याची शक्यता सारखी धरा आणि सरासरी भलं वाढवा. नुसत्या पैशाची सरासरी काढली तर टॅक्स नसताना 64 येते आणि मध्यम टॅक्समध्ये 57, म्हणजे टॅक्स हरला. पण हर्सान्यी पैसा नाही, त्यातून होणारं भलं मोजतो, आणि श्रीमंताच्या हातातल्या वाढीव पैशाने भलं कमी वाढतं हे धरून आकड्यांचं वर्गमूळ घेतलं तर दोन्हीकडे बेरीज 21.6च्या आसपास येते, जवळपास बरोबरी! पडदा तोच, आकडे तेच, फक्त मोजायची रीत बदलली की निकाल हलतो. रॉल्स म्हणतो की शक्यता धरायला काही आधारच नाही आणि निर्णय आयुष्यभराचा आहे, म्हणून सगळ्यात वाईट जागा बघा. हे पटतंय का नाही ते तुम्हाला लिहावंच लागेल, पडदा ते तुमच्यासाठी ठरवत नाही. फ्रोलिक आणि ओपनहायमर या संशोधकांनी खऱ्या लोकांना साधारण अशा अवस्थेत बसवून गटाने चर्चा करायला लावली तेव्हा बहुतेक गटांनी फक्त सगळ्यात वाईट जागा बघणं आणि फक्त सरासरी बघणं ही दोन्ही टोकं सोडली, त्यांनी खाली एक किमान पातळी ठेवली आणि त्यावर सरासरी वाढवली. आपल्या उदाहरणात किमान 20 ठेवले तर मध्यम टॅक्स जिंकतो, 10 ठेवले तर टॅक्स नसलेला पर्याय.

«रॉल्सचं नाव टाका» याबद्दल थोडक्यात. तो टॅक्सचा दर थेट पडद्यामागे ठरवत नाही. तिथे फक्त तत्त्वं ठरतात, नंतर संविधान, मग कायदे आणि शेवटी अंमलबजावणी, आणि दर टप्प्याला पडदा थोडा वर जातो, टॅक्स येतो तो कायद्याच्या टप्प्यावर. शिवाय 1971च्या पुस्तकात त्याने वारसा हक्कावर चढता टॅक्स मागितलाय, पण आदर्श व्यवस्थेत उत्पन्नाऐवजी खर्चावर सगळ्यांना एकाच दराने टॅक्स चालू शकेल असंही म्हटलंय. म्हणजे «रॉल्स आहे म्हणून उत्पन्नावर जड टॅक्स» ही उडी त्याच्या नावावर खपवता येत नाही (प्रत्यक्ष अन्यायी समाजात चढता उत्पन्न टॅक्स योग्य ठरू शकतो, हेही तो म्हणतो, ते लपवू नका).

तुमचा युक्तिवाद पडदा खरंच वापरतोय का हे तपासायचं असेल तर दिलेल्या धोरणातला दर मनातल्या मनात 95 टक्के करा. तुमचा परिच्छेद एक शब्द न बदलता तसाच लागू पडत असेल तर तुम्ही पॉलिसी तपासलीच नाही, फक्त गरिबांबद्दल सहानुभूती लिहिली. मग परत जा आणि खालच्या गटाच्या हातात नक्की काय पडतं, दर वाढला की ते कुठे घसरायला लागतं आणि तुम्ही निवडीचा कोणता नियम धरलाय हे तीन मुद्दे लिहा. तत्त्वज्ञ नोझिकचा रॉल्सवरचा आक्षेपही इथेच येऊ द्या, कारण तो विचारतो की 140 कोणी कसे कमावले हेच पडदा विसरायला लावतो, मग त्या कमाईवरचा हक्क तपासणार कुठे? याला «पण गरिबांचं काय» हे उत्तर होत नाही, रॉल्सच्या बाजूने लिहायचं असेल तर त्या 140 मधला किती भाग माणसाचा स्वतःचा आणि किती जन्माच्या नशिबाचा आणि समाजाच्या नियमांचा, यावर बोलावं लागेल.