दारापासून दारापर्यंत

"काका, ऑफिसला जाताना गाडीवरून पडलो किंवा कंपनीच्या पिकनिकला पाय मोडला, तर भरपाई मिळते का? तुमच्या जर्मनीत मिळते म्हणे."

पुतण्याचा हा प्रश्न घरच्या ग्रुपवर आला आणि भाऊजींनी लगेच निकाल देऊन टाकला, की सर्वोच्च न्यायालयाने आता घरातून निघाल्यापासून सगळे कंपनीच्या माथी मारले आहे. आत्याने शाळेच्या जिन्यावरून आपण पडलो तेव्हा कोणी विचारले नाही, हे पुन्हा एकदा ऐकवले. पण ते शाळेच्या आवारात आणि कामाच्या वेळेत घडले होते, त्यामुळे तो प्रश्नच वेगळा.

भाऊजी ज्या निकालाबद्दल बोलत होते, तो आपल्याच धाराशिवकडचा आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला 3,26,140 रुपये व्याजासह मंजूर केले. अपघात कामाच्या जागी झाला नाही, हा विमा कंपनीचा मुद्दा होता, आणि 2011 मध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य करून भरपाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती 29 जुलै 2025 रोजी परत दिली. कामगार राज्य विम्याच्या म्हणजे ईएसआय कायद्यात 2010 साली घातलेले, घर ते कामाची जागा या प्रवासातल्या अपघाताचे कलम जुन्या अपघातांनाही लागू पडते आणि 1923 च्या भरपाई कायद्यातल्या त्याच शब्दांचा अर्थही तोच घ्यायचा, असे न्यायालयाने म्हटले. मात्र अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, ही अट कायम राहिली. पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर असलेल्या रखवालदाराचा संबंध उघड होता. ऑफिस सुटल्यावर मित्राकडे दोन तास बसून मग निघालेल्याचा तसा नसतो. भाऊजींचे अर्धेच बरोबर आहे ते इथे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही प्रवासाची तरतूद याच अटीसह ठेवली आहे.

जर्मनीत ही अट अधिक काटेकोर आहे. गेल्या हिवाळ्यात सकाळी कामावर जाताना मी बर्फावरून घसरलो आणि मनगट मोडले. अपघात विम्याच्या कामासाठी नेमलेल्या डॉक्टरने हात तपासण्याआधी विचारले, "इमारतीचे बाहेरचे दार ओलांडले होते का?" कारण विमा तिथून सुरू होतो; जिन्यात पडलो असतो तर तो माझा खासगी अपघात ठरला असता. वाटेत बेकरीत शिरलात, तर आतला वेळ विम्याबाहेर, आणि दोन तासांच्या आत परत रस्त्याला लागलात की संरक्षण पुन्हा सुरू. मुलाला पाळणाघरात सोडण्यासाठीचा वळसा मात्र चालतो. हे नियम ऐकून प्रथम हसू येते, पण त्यांच्यामुळेच माझा प्रश्न पहिल्याच दिवशी मार्गी लागला. दोष कोणाचा हे कोणी विचारले नाही. या विम्याचा सगळा हप्ता मालकच भरतो, आणि आजारपणात मालकाने द्यायच्या पगाराचे सहा आठवडे संपल्यावर त्याच विम्यातून पगाराच्या साधारण 80 टक्के रक्कम सुरू होते. रखवालदाराच्या पत्नीला रेष कुठे आहे हे कळायला बावीस वर्षे लागली. आपल्याकडे चर्चा रेष किती पुढे न्यायची याची होते. मला ती लवकर आणि उघडपणे आखली जाणे जास्त महत्त्वाचे वाटते.

पिकनिकचे काय? विम्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माझ्या जर्मन शेजारीण बाई दोनच गोष्टी विचारतात: कार्यक्रमाला वरिष्ठांची संमती होती का, आणि त्या विभागातल्या सगळ्यांना निमंत्रण होते का. 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने एका विभागाच्या नाताळ-सहलीत पडलेल्या महिलेचा अपघात कामाचाच धरला, कार्यालयप्रमुख स्वतः हजर नसतानाही. मात्र कार्यक्रम अधिकृतपणे संपल्यावर उरलेल्या चौघांनी बसून प्यायलेली बिअर त्यात येत नाही.

भारतात पिकनिकसाठी असा वेगळा नियम नाही, त्यामुळे उपस्थिती अपेक्षित होती का, खर्च कोणाचा, बस कोणाची, यावर प्रकरण तोलले जाते आणि निकाल दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. शिवाय ईएसआयची पगारमर्यादा 21,000 रुपये असल्याने पुतण्यासारखे बरेच जण त्या योजनेबाहेरच राहतात आणि कंपनीच्या समूह अपघात विम्यावर अवलंबून असतात. तो विमा बहुधा चोवीस तासांचा असतो, पण मुख्यतः मृत्यू आणि अपंगत्व यांसाठी. मोडलेल्या पायाची रजा त्यात बसेलच असे नाही.

हे सगळे लिहून पाठवल्यावर पुतण्याचे उत्तर आले, की पिकनिक रविवारी आहे, यायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे, आणि वर्गणी माणशी काढली आहे. निमंत्रण मात्र मनुष्यबळ विभागाच्या मेलवरून आले होते. तो मेल पुसू नको, एवढेच मी त्याला कळवले.