ब्लोडाउन बंद करायला सांगणारा तो मेसेज

"कूलिंग टॉवर घेताना सेल्समनचं ऐकू नका. टीआर जुळला की झालं, मोठा टॉवर घ्या आणि हवं तेवढं गार पाणी मिळवा. पाणी तर फिरून परत येतं, मेकअपचा हिशोब कसला? ब्लोडाउन बंद करा, पाणी वाचवा. केमिकलऐवजी पाइपला चुंबक लावा."

हा मेसेज माझ्या भाच्यानेही वाचला. त्याचं मोल्डिंगचं युनिट आहे. त्याने ब्लोडाउनचा, म्हणजे टाकीतलं क्षारांचं पाणी थोडं थोडं सोडून द्यायचा, कॉक बंद केला आणि तीन आठवड्यांनी मला फोन, मामा मशीनच्या ऑइलचं टेम्परेचर उतरतच नाही. मी गेलो, टॉवरच्या पाण्याने ते ऑइल गार करणारा ऑइल कूलर उघडला, तर नळ्यांच्या आत पांढरा कडक थर, पेनाची रिफिलसुद्धा आत जाईना. खरवडून अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर फसफसून उठला. म्हणजे चुना. तेव्हापासून डोक्यात राग आहे म्हणून हे लिहितोय.

ब्लोडाउनचंच आधी सांगतो, कारण नुकसान तिथे आहे. टॉवर पाणी गार करतो तो थोडं पाणी वाफ करून, आणि वाफ निघून जाते पण क्षार मागेच राहतात. किती वाफ? ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईईच्या एनर्जी ऑडिटच्या गाइडबुकात सूत्र दिलंय, 0.00085 × 1.8 × फिरणारं पाणी × रेंज. रेंज म्हणजे टॉवरमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक. भाच्याकडे तासाला 50 घनमीटर पाणी फिरतं, रेंज 5 डिग्री, म्हणजे तासाला साधारण 380 लिटर वाफ, दिवसाला नऊ हजारांवर. त्याच्या टाकीत आणि पाइपांत मिळून पाणीच 10 हजार लिटर. म्हणजे ब्लोडाउन बंद केलं की रोज जवळपास अख्ख्या टाकीभर बोअरचे क्षार त्याच पाण्यात वाढत जाणार! आठवडा काढला तरी पाण्याचं काय झालं असेल ते बघा.

ब्लोडाउन किती सोडायचं तेही त्याच पुस्तकात आहे. वाफेला सायकल वजा एक ने भागायचं. सायकल म्हणजे टाकीतलं पाणी मेकअपच्या, म्हणजे कमी झालेलं भरून काढायला घातलेल्या, पाण्याच्या किती पट घट्ट झालं ते. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 500, टाकीत 2000 पर्यंत चालवायचं ठरवलं तर सायकल 4, म्हणून 380 भागिले 3, तासाला 127 लिटर सोडायचं. तुषारात उडून जातं ते 10 लिटर धरलं तर मेकअप तासाला सव्वापाचशेच्या आसपास, म्हणजे दिवसाला साडेबारा हजार लिटर. कॉक बंद करून वाचलं किती, तीन हजार लिटर, आणि त्याच्यापायी कूलर गेला. पाणी वाचवायचंय ना, तर सायकल 2 वरून 4 वर न्या, तिथे खरी बचत आहे, 4 वरून 6 ला जाऊन दिवसाला फार तर 1200 लिटर वाचतात आणि थर बसायचा धोका वाढतो.

आता अप्रोच. टॉवर कितीही मोठा घ्या, पाणी हवेच्या वेट बल्बच्या खाली जात नाही. वेट बल्ब म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर येतं ते तापमान, आणि टॉवरमधून निघणारं पाणी त्याच्या जितकं वर राहतं तो अप्रोच. बीईईच्याच पुस्तकात लिहिलंय की कंपन्या साधारण 2.8 डिग्रीच्या खालचा अप्रोच गॅरंटी करत नाहीत. मे महिन्यात 38 डिग्री आणि 25 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब 23 च्या आसपास, पावसाळ्यात 28 डिग्री आणि 90 टक्के आर्द्रतेला तो जवळपास 27. म्हणून उन्हाळ्यात मस्त चालणारा टॉवर जुलैत रडतो, तेव्हा मशीन बिघडलं असं समजू नका. ऑर्डरवर नुसतं टीआर, म्हणजे टनात मोजलेली गार करायची क्षमता, लिहू नका, 50 घनमीटर, 37 आत, 32 बाहेर, वेट बल्ब 27 असं लिहा, म्हणजे अप्रोच 5 ठरला. चिलरला जोडत असाल तर कॉम्प्रेसरची उष्णताही टॉवरवरच येते, 100 टीआरच्या चिलरला साधारण 125 चा टॉवर लागतो, टीआर जुळवून काय उपयोग.

चुंबकाने थर थांबलेला मी एकाही कूलरमध्ये पाहिला नाही. थर बसू नये म्हणून टाकायच्या केमिकलबद्दल एक मान्य, बरेच जण पाणी न तपासता महिन्याला कॅन ठेवून बिल पाठवतात. मग कॅन बंद करू नका, रिपोर्ट मागा. मेकअप आणि टाकी दोन्हीचे क्लोराइड आणि हार्डनेस. क्लोराइड सहसा कुठे बसत नाही, म्हणून तो सहापट झाला आणि हार्डनेस चारपटच दिसला, तर उरलेला चुना तुमच्या नळ्यांत बसलाय. भाच्याच्या पहिल्या रिपोर्टात हेच निघालं, आता कॉक उघडा आहे आणि टाकीशेजारी टीडीएस मोजायचं पेन लटकवलंय.