इंटरॅक्शन सिग्निफिकंट आली म्हणून दोन टी-टेस्ट लावून मोकळं होऊ नका

"टू-वे अनोव्हात इंटरॅक्शन सिग्निफिकंट आली की मेन इफेक्ट लिहायचेच नाहीत. दोन्ही ग्रुपवर वेगवेगळी टी-टेस्ट लावायची, एकात सिग्निफिकंट आलं आणि दुसऱ्यात नाही आलं की तोच इंटरॅक्शनचा पुरावा. आणि शब्दात 'दोन्ही घटकांचा एकत्रित परिणाम दिसून आला' एवढं लिहिलं की पुरे."

डेझर्टेशनचे दिवस आले की मुंबईतल्या एमएच्या मुलांमध्ये हा सल्ला फिरायला लागतो, सीनियर ज्युनियरला देतो आणि तो पुढच्याला, आणि यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आकड्यांशिवाय बोलून उपयोग नाही, तेव्हा एक उदाहरण धरू. आकडे समजावण्यासाठी बनवलेत, कुठल्या खऱ्या अभ्यासाचे नाहीत.

समजा ८० विद्यार्थी घेतले आणि चिठ्ठ्या टाकून २०-२० चे चार गट केले. अर्ध्यांनी एक धडा कॉलेजच्या लायब्ररीत केला, अर्ध्यांनी सकाळच्या विरार-चर्चगेट लोकलमध्ये गर्दीत उभ्याने. दोन्हीकडे अर्ध्यांनी नोट्स वाचल्या आणि अर्ध्यांनी तोच मजकूर इअरफोनवर ऐकला. नंतर सगळ्यांची ३० मार्कांची एकच टेस्ट. लायब्ररीत वाचणाऱ्यांची सरासरी २२.०, ऐकणाऱ्यांची २०.५. लोकलमध्ये वाचणाऱ्यांची १५.०, ऐकणाऱ्यांची १९.५. चारही गटांत एसडी साधारण ४, म्हणजे एरर मीन स्क्वेअर १६.

आता सल्ल्यातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण बाकीचा घोळ तिथूनच येतो. "एकत्रित परिणाम" म्हणजे इंटरॅक्शन नव्हे. समजा लोकलमुळे वाचणाऱ्यांचेही ४ मार्क गेले असते आणि ऐकणाऱ्यांचेही ४, आणि ऐकल्यामुळे दोन्ही जागी दीड-दीड मार्क वाढले असते, तर दोन्ही घटकांचा परिणाम एकत्र मिळून झालाच असता की, पण इंटरॅक्शन शून्य असती. इंटरॅक्शन एवढंच सांगते की एका घटकाने पडणारा फरक दुसऱ्या घटकाप्रमाणे बदलतो. आपल्या आकड्यांत बघा, लोकलमध्ये ऐकण्याचा फायदा ४.५ मार्क, लायब्ररीत ऐकण्याचा तोटा १.५ मार्क, आणि या दोन फरकांमधला फरक ६ मार्क. अनोव्हाच्या टेबलमधली इंटरॅक्शनची ओळ या ६ चीच टेस्ट करते, दुसऱ्या कशाची नाही: F(1, 76) = 11.25, p = .001. तुमच्या वाक्यात "कोणाचा फरक, कुठे, किती बदलला" हे नसेल तर वाचणाऱ्याला काहीच कळलेलं नाही, मग एफ व्हॅल्यू कितीही मोठी असो.

दुसरा मुद्दा पुराव्याचा, आणि इथे जरा थांबू या, कारण चांगले चांगले लोक इथे फसतात. एका जागी p .05 च्या खाली आणि दुसऱ्या जागी वर, म्हणजे दोन जागी फरक वेगळा, हे वाटायला अगदी बरोबर वाटतं. पण करून बघा. याच डिझाइनमध्ये समजा ऐकण्याचा फायदा लोकलमध्ये २.८ मार्क आला आणि लायब्ररीत १.९. या फरकांचा स्टँडर्ड एरर १.२६, त्यामुळे लोकलमध्ये p = .03 आणि लायब्ररीत p = .14. सल्ल्याप्रमाणे "लोकलमध्ये फायदा होतो, लायब्ररीत होत नाही" असं लिहून तुम्ही मोकळे. पण दोन फायद्यांमधला फरक फक्त ०.९ मार्क आहे आणि त्याचा स्टँडर्ड एरर १.७९, म्हणजे इंटरॅक्शनची p येते .62. काहीही नाहीये तिथे. एक फरक रेषेच्या जरा अलीकडे पडला, दुसरा जरा पलीकडे, बस.

उलटंही होतं. ऐकण्याचा फायदा लोकलमध्ये २.२ आणि लायब्ररीत उणे २.२ असता तर दोन्ही ठिकाणी p .09 च्या आसपास आली असती, कुठेच सिग्निफिकंट नाही, पण इंटरॅक्शन मात्र p = .016. अशा वेळी मुलं घाबरून गाइडकडे धावतात की सर डेटा चुकला वाटतं, आणि डेटात काहीच चुकलेलं नसतं, फरकांची दिशा उलटी आहे एवढंच त्यातून दिसत असतं.

गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर पेपर लिहिला होता, की सिग्निफिकंट आणि नॉन-सिग्निफिकंट यांच्यातला फरक स्वतः सिग्निफिकंट असेलच असं नाही. २०११ मध्ये न्यूवनहाउस आणि दोन सहकाऱ्यांनी न्यूरोसायन्सचे मोठ्या जर्नलांमधले ५१३ पेपर तपासले, त्यातल्या १५७ मध्ये ही चूक व्हायची संधी होती, आणि ७९ पेपरांत ती झालेली होती. अर्ध्याहून जास्त. त्यामुळे "छापलेल्या पेपरात असंच केलंय" हे उत्तर व्हायवात चालणार नाही.

मग सिंपल इफेक्ट, म्हणजे एकाच जागेतला किंवा एकाच पद्धतीतला फरक, कशाला बघायचे? पुरावा इंटरॅक्शनच्या ओळीतून आधीच मिळालाय, सिंपल इफेक्ट त्याचा आकार सांगतात: फरक कुठे मोठा, कुठे लहान, दिशा कुठली. आणि तेसुद्धा सुट्या टी-टेस्टने नाही, त्याच मॉडेलमधून काढायचे. सुटी टी-टेस्ट फक्त दोन गट बघते, तिच्याकडे ३८ डिग्री ऑफ फ्रीडम. मॉडेलमधला सिंपल इफेक्ट चारही गटांतून काढलेली एरर वापरतो, म्हणजे ७६. गटात २०-२० जण असताना याने फार बिघडत नाही, पण ६-६ जण असतील तर १० आणि २० मधला फरक चांगलाच जाणवतो. SPSS मध्ये हे असं:

```
UNIANOVA gun BY jaga paddhat
  /EMMEANS=TABLES(jaga*paddhat)
    COMPARE(paddhat) ADJ(BONFERRONI)
  /DESIGN=jaga paddhat jaga*paddhat.
```

आउटपुटमध्ये `Univariate Tests` नावाच्या टेबलमध्ये प्रत्येक जागेसाठी पद्धतीचा एफ येतो. आपल्या उदाहरणात लोकलसाठी 12.66, लायब्ररीसाठी 1.41. बरोबर चाललंय का हे तपासायची एक सोपी खूण आहे, गट सारखे असतील तर सिंपल इफेक्टच्या सम ऑफ स्क्वेअर्सची बेरीज (इथे २०२.५ आणि २२.५) ही पद्धतीचा मेन इफेक्ट आणि इंटरॅक्शन यांच्या बेरजेएवढी (४५ आणि १८०) यायला हवी. दोन्हीकडे २२५. नाही जुळलं तर तुम्ही कुठेतरी वेगळा डेटा घेतलाय.

अजून एक, बॉनफेरोनी लिहिलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते करेक्शन एकाच जागेच्या आतल्या जोड्यांना लागतं, आणि पद्धती दोनच असल्याने आत जोडी एकच आहे, म्हणजे प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. दोन जागांसाठी दोन टेस्ट केल्यात तर .05 ऐवजी .025 शी तुम्हीच तुलना करायची आणि तसं लिहायचं. आणि चारही सिंपल इफेक्ट काढून जो छान दिसेल तो उचलायचा नाही. प्रश्न "प्रवासात ऐकावं की वाचावं" असा असेल तर प्रत्येक जागेत पद्धतीची तुलना करायची, आणि हे डेटा उघडायच्या आधी ठरवायचं.

राहिले मेन इफेक्ट. ते लिहायचे, पण एकटे सोडायचे नाहीत. जागेचा मेन इफेक्ट म्हणतो लायब्ररीत ४ मार्क जास्त, पण हे ४ म्हणजे वाचणाऱ्यांचे ७ आणि ऐकणाऱ्यांचा १ यांची सरासरी, प्रत्यक्षात ४ कोणाचेच नाहीत. पद्धतीचा मेन इफेक्ट सिग्निफिकंट नाही, पण म्हणून "पद्धतीने फरक पडत नाही" म्हणालात तर लोकलमधले साडेचार मार्क गायब केलेत तुम्ही, ते लायब्ररीतल्या उलट्या फरकाशी वजा झालेत.

सगळं मिळून रिझल्टमध्ये एवढं पुरतं:

"पद्धत आणि जागा यांची इंटरॅक्शन सिग्निफिकंट होती, F(1, 76) = 11.25, p = .001, ηp² = .13, म्हणजे वाचणं आणि ऐकणं यांतला फरक जागेप्रमाणे बदलला. लोकलमध्ये ऐकणाऱ्यांना वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी ४.५ मार्क जास्त मिळाले, F(1, 76) = 12.66, p < .001, 95% CI [1.98, 7.02]. लायब्ररीत वाचणारे १.५ मार्कांनी पुढे होते, पण हा फरक सिग्निफिकंट नव्हता, F(1, 76) = 1.41, p = .24, 95% CI [-1.02, 4.02]. जागेचा मेन इफेक्ट सिग्निफिकंट होता, F(1, 76) = 20.00, p < .001, ηp² = .21, मात्र लायब्ररीचा फायदा वाचणाऱ्यांत ७ आणि ऐकणाऱ्यांत १ मार्क होता. पद्धतीचा मेन इफेक्ट सिग्निफिकंट नव्हता, F(1, 76) = 2.81, p = .10, ηp² = .04."

सोबत चार सरासऱ्या आणि एसडीचं छोटं टेबल. SPSS मध्ये `.000` दिसलं तर p < .001 लिहा, शून्य नाही.

साध्या भाषेत सांगायचं तर गर्दीच्या लोकलमध्ये वाचण्यापेक्षा ऐकून जास्त लक्षात राहिलं, लायब्ररीत मात्र दोन्हींपैकी सरस काय ते या डेटावरून ठरत नाही. "लायब्ररीत फरक नाही" असं म्हणू नका, कारण तो इंटरव्हल बघा, ऐकणं एका मार्काने सरस असण्यापासून वाचणं चार मार्कांनी सरस असण्यापर्यंत सगळं त्यात बसतंय, आणि ३० पैकी ४ मार्क म्हणजे कमी नाहीत. लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला अडकलेला असतो, पानं उलटता येत नाहीत, हे कारण असू शकेल, पण ते आपण मोजलेलं नाही, त्यामुळे त्याची जागा डिस्कशनमध्ये.

सुट्या टी-टेस्ट चालतील अशीही एक परिस्थिती आहे. गटांच्या एसडी एकमेकींपासून खूप वेगळ्या असतील, म्हणजे लायब्ररीत ३ आणि लोकलमध्ये ८ असं काही, तर सगळ्यांची मिळून काढलेली १६ सारखी एकच एरर कुठल्याच जागेला लागू पडत नाही. तेव्हा प्रत्येक जागेसाठी वेल्चची टी-टेस्ट घ्या आणि का घेतली ते एका वाक्यात लिहा. तरीसुद्धा त्या ६ मार्कांची टेस्ट वेगळी द्यावीच लागते, तीही असमान एसडी धरून.