३८ रुपयांचा दर नेमका कोणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

*प्रतिक्रिया: “ताई, तुमचा लेख वाचून आमच्या गटातल्या बाया उगाच घाबरल्या. माझ्या दरपत्रकात अर्ध्या किलोला ३८ रुपये लिहिले आहेत, मग पुण्याच्या पार्सलला तुम्ही ११८ कुठून आणले? आणि कॅश ऑन डिलिव्हरी नको म्हणाल तर गिऱ्हाईक मागवणारच नाही.”*

ताई, कुरिअरने मिरचीपूड पाठवण्याच्या खर्चावरच्या त्या लेखात हिशेब पायरीपायरीने मांडायला हवा होता, तो येथे मांडते. अर्ध्या किलोला ३८ हा दर कुरिअर कंपन्यांच्या बहुतेक पत्रकांत ‘ए’ झोनचा, म्हणजे एकाच शहरात उचलून तेथेच पोहोचवण्याचा असतो. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर तालुक्यातून मिरचीपूड पाठवणाऱ्या बाईला तो जवळजवळ कधीच लागू होत नाही. पुणे महाराष्ट्रातच आहे, तरी काही कंपन्या जवळचा झोन राज्यावरून न ठरवता ५०० किलोमीटरच्या अंतरावरून ठरवतात, आणि पुणे आपल्यापासून ७०० किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे पार्सल ‘डी’ झोनमध्ये, उर्वरित भारतात, जाते. म्हणून पत्रकाखालची झोनची व्याख्या आधी वाचावी.

लेखात मी ‘डी’चा दर ६० रुपये धरला होता. कॅश ऑन डिलिव्हरीसाठी रोख वसुलीचा आकार पत्रकात “४० रुपये किंवा २ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते” अशा शब्दांत असतो. ३५० रुपयांच्या पुडीवर २ टक्के म्हणजे ७ रुपये होतात, तरीही ४० द्यावे लागतात, कारण ऑर्डर २,००० रुपयांच्या वर गेल्याशिवाय टक्केवारी लागूच होत नाही. साठ आणि चाळीस मिळून १००, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ११८ झाले.

खरी हानी परत येणाऱ्या पार्सलमध्ये आहे, ज्याला पत्रकात आरटीओ म्हणतात. गिऱ्हाईकाने दार उघडले नाही किंवा घेण्यास नकार दिला, तर जाण्याचे ६० आणि येण्याचे ६० दोन्ही आपल्याकडून घेतले जातात. वसुलीचा आकार माफ झाला तरी जीएसटीसह १४१ रुपये ६० पैसे जातात, म्हणजे विक्री झालेल्या पार्सलपेक्षा जास्त. दहापैकी ३ परत आली, तर एकूण खर्च १,२५० रुपये ८० पैसे होतो आणि तो विकल्या गेलेल्या ७ पुड्यांवर वाटला की पुडीमागे सुमारे १७९ रुपये पडतात. ३५० च्या पुडीत मिरची, दळण आणि पिशवी धरून एवढे उरते का, हे आपल्या गटाने वहीत मांडून पाहावे.

कॅश ऑन डिलिव्हरीशिवाय नवे गिऱ्हाईक येत नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे आणि ती बंद करा असे मी म्हणत नाही. मात्र फोनवर ऑर्डर पक्की करून यूपीआयने १०० रुपये आधी घ्यावेत. पैसे भरलेले गिऱ्हाईक सहसा पार्सल नाकारत नाही. एका ऑर्डरमध्ये २ पुड्या दिल्या तरी वसुलीचे ४० एकदाच लागतात, फक्त वजन अर्ध्या किलोच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर वाहतुकीचा पुढचा टप्पा लागतो.

नोंदणीपूर्वी आपल्या गावाचा पिनकोड कंपनीच्या यादीत टाकून पाहावा, आणि पार्सल पोहोचवणे व आपल्याकडून उचलणे या दोन सेवा वेगवेगळ्या तपासाव्यात. पोहोचवणे ‘होय’ आणि उचलणे ‘नाही’ असेल, तर प्रत्येक पार्सल तालुक्याच्या गावी नेण्याचे बसभाडेही त्याच वहीत धरावे लागेल.